नाव आणि नेम : इंग्रजी स्पेलिंग असं का, आणि आपलं तसं का नाही?

पाटीपेन्सिल

गेले काही दिवस मुलीकडून इंग्रजी स्पेलिंगं पाठ करून घेतेय. ती तिसरीत आहे. परवा ‘नाइट’ आला, रात्र नव्हे, घोड्यावरचा सरदार. के-एन-आय-जी-एच-टी. तिने वही खाली ठेवली आणि विचारलं, “आई, के म्हणायचा नाही, जी म्हणायचा नाही, एचसुद्धा म्हणायचा नाही, तर मग लिहिलाय कशाला?”

मी म्हटलं, “असंच असतं ते.” उत्तर देऊन झाल्यावर मलाच वाईट वाटलं. लहानपणी मलाही हेच उत्तर मिळालं होतं, आणि तेव्हाही ते पटलं नव्हतं.

नंतर ती म्हणाली, “मराठीत मी ऐकते तसं लिहिते.” बरोबरच आहे तिचं. नवा शब्द कानावर पडला तरी मराठी मूल तो लिहून दाखवतं. इंग्रजीत असं का होत नाही? मला खरं कारण हवंय. कुणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा, मला तिला नीट सांगायचंय.

रानजाई

ताई, मी मुलांना मूक अक्षरं वेगळ्या रंगाने लिहायला लावते. के लाल, जी-एच निळे. आठवड्यात फरक दिसतो. आणि रोज पाचच शब्द द्या, जास्त नको. असे मूक के असलेले शब्द एकत्र करून दिले तर अजून लवकर बसतात. यादी हवी असेल तर टाकते.

पाटीपेन्सिल

रानजाई, यादी नक्की टाका, उपयोगी पडेल. पण पाठ कसं करायचं हा माझा प्रश्न नाही. ते अक्षर तिथे आलं कुठून, हे तिला सांगता यायला हवं.

सह्यकडा

उत्तर सोपं आहे. इंग्रजी ही खिचडी भाषा आहे. फ्रेंच, लॅटिन, ग्रीक, जिथून मिळेल तिथून शब्द उचलले आणि प्रत्येकाचं स्पेलिंग तसंच ठेवलं. म्हणून नियम लागत नाहीत. आपली देवनागरी ध्वनीवर बांधलेली आहे, एका ध्वनीला एक अक्षर, त्यामुळे चुकायला जागाच नाही. फरक लिपीचा आहे.

जुळारी

सह्यकडा, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग खरा आहे, त्याकडे नंतर येतो. पण धाग्यातल्या शब्दालाच तो लागू पडत नाही. हा ‘नाइट’ कुठूनही उचललेला नाही, तो इंग्रजीचा घरचा शब्द आहे. रात्रीचा नाइटही घरचाच. सर्वांत विचित्र स्पेलिंगं बऱ्याचदा घरच्या, रोजच्या शब्दांचीच असतात.

(माझी ओळख : छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, पुढे मुद्रितशोधन. शब्द उलटा वाचायची सवय लागली की त्यातलं प्रत्येक अक्षर दिसायला लागतं.)

पाटीपेन्सिल, मुलीला सांगा की त्या शब्दातलं एकही अक्षर मूळचं मूक नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण ‘क्निख्त’ असा म्हणत. क स्पष्ट, न स्पष्ट, आणि ट च्या आधी टाळूजवळ घासत बाहेर पडणारा एक श्वास. अर्थ होता पोरगा किंवा पदरचा गडी. तेव्हा तो सी-एन-आय-एच-टी असा लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि त्यांच्या सवयीने सी च्या जागी के आणि त्या श्वासासाठी नुसत्या एच ऐवजी जी-एच लिहिणं रुळलं. म्हणजे ज्यांनी के-एन-आय-जी-एच-टी लिहिलं त्यांनी तुमच्या मुलीसारखंच केलं होतं, ऐकलं तसं लिहिलं.

पुढे बोलणं बदललं. तो घासणारा श्वास विरला, आणि त्याची भरपाई म्हणून आधीची ‘इ’ लांबली : क्नीट. मग लांब ‘ई’ची हळूहळू ‘आय’ झाली : क्नाइट. शेवटी, सतराव्या शतकाच्या आसपास, न च्या आधीचा क म्हणायचा कंटाळा आला आणि राहिला नाइट. कागदावर मात्र जुना क्निख्त तसाच उभा आहे. जर्मनमध्ये या शब्दाचा भाऊ आहे, अर्थ गडी, चाकर. जर्मन माणूस त्यातला क आजही म्हणतो.

पाटीपेन्सिल

हे तिला आजच सांगते. पण बोलणं बदललं तेव्हा लिहिणं का नाही बदललं? तोपर्यंत तर ऐकूनच लिहीत होते ना?

जुळारी

तिथेच सगळी मेख आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. त्याआधी प्रत्येक लेखनिक आपापल्या गावच्या बोलण्याप्रमाणे लिही, त्यामुळे लिहिणं आपोआप बोलण्यामागे सरकत असे. छापखाना आला की तसं चालत नाही. जुळाऱ्याला एकच रूप सोयीचं असतं आणि वाचकाचा डोळाही त्याला सरावतो. एका दिवसात काही गोठलं नाही, पुढची दोनशे वर्षं एकाच पुस्तकात एक शब्द दोन तऱ्हांनी सापडतो. पण दिशा ठरली. १७५५ मध्ये जॉन्सनचा कोश आला तोवर बहुतेक स्पेलिंगं आजच्यासारखी झाली होती.

दुर्दैव असं, की नेमक्या त्याच काळात, ढोबळमानाने १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत, इंग्रजीतले सगळे लांब स्वर जागचे हलले. लांब ‘आ’ वर सरकून ‘ए’ झाला, लांब ‘ए’ची ‘ई’ झाली, ‘ई’ला वर जायला जागा उरली नाही म्हणून ती फुटून ‘आय’ झाली. म्हणजे घर हलत असताना नकाशा छापला गेला.

इंग्रजी ए हे अक्षर आपण ‘ए’ म्हणून वाचतो आणि आय हे ‘आय’ म्हणून, ते यामुळेच. युरोपातल्या बहुतेक भाषांत ती अक्षरं अजून आ आणि इ आहेत.

मला सर्वांत आवडणारा दाखला सांगतो. इंग्रजी ‘नेम’ : एन-ए-एम-ई. आता हा शब्द लिहिलाय तसा, अक्षरांच्या जुन्या किमतीने वाचून बघा. ‘नाम’ आणि शेवटी एक अस्पष्ट स्वर. इंग्रज कवी चॉसरच्या काळात, चौदाव्या शतकात, तो साधारण असाच म्हणत. तुमच्याआमच्या ‘नाम’चा तो सख्खा भाऊ आहे. पुढे शेवटचा स्वर गळला, ‘आ’चा ‘ए’ झाला, पण स्पेलिंग ‘नाम’च राहिलं.

आता आपल्याकडच्या भावाचं काय झालं ते पाहा. संस्कृत ‘नाम’ मराठीत येताना त्यातला म झिजला. ओठ पुरते मिटेनात, पण आवाज नाकातून येत राहिला : नांव. त्या म ची खूण म्हणून डोक्यावर टिंब. पुढे नाकातला आवाजही गेला. इंग्रजी असती तर टिंब आजही तिथे असतं. पण साहित्य महामंडळाने १९६२ साली जे चौदा नियम केले, त्यांत न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, व्युत्पत्तीने सिद्ध होणारेसुद्धा. नांव चं नाव झालं, पांच चं पाच, दांत चं दात. शब्द दोन्हीकडे झिजला. आपण कागदावरही झिजू दिला.

दर्यावर्दी

जुळारीकाका, एक सांगायचंय. आमच्या घरी कोकणी बोलतात. आमच्याकडे नांव, गांव, दांत, पांच हे अजून नाकातूनच येतात आणि कोकणी लिहिताना आम्ही टिंब देतो. शाळेत मराठीच्या तासाला मी सवयीने ‘गांव’ लिहायचो आणि बाई लाल शाईने टिंब खोडायच्या. मी ऐकलं तसंच लिहीत होतो, फक्त ऐकत दुसऱ्या घरात होतो. म्हणून ‘जसं बोलतो तसं लिहितो’ म्हणताना कुणाचं बोलणं, हेही सांगायला हवं.

जुळारी

शंभर टक्के बरोबर. तो उच्चार प्रमाण बोलीतून गेला म्हणून टिंब काढलं. ज्यांच्या तोंडी तो होता त्यांच्यासाठी त्या दिवसापासून मराठीचं लेखन एक पाऊल लांब गेलं.

सह्यकडा

नेम-नावाचं पटलं. पण लिपीचं मी सोडणार नाही. आपण इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरांत चाळीसच्या वर ध्वनी कोंबत नाही. आपल्याकडे अक्षर दिसलं की उच्चार ठरलेला.

दूरदेशी

सह्यकडा, माझे पती अमराठी आहेत. लिपीही त्यांना नवीनच होती. बाराखडी त्यांनी महिन्याभरात शिकून घेतली, आता पाटी दिसली की वाचतात. पण ‘बसलं’ हा शब्द ते ब-स-लं असा तीन पूर्ण अक्षरं करून वाचायचे. मी म्हणायचे, बस्-लं. मग त्यांनी ‘बसवलं’ वाचलं बस्-व-लं. मी म्हटलं, नाही, इथे स पूर्ण, व अर्धा : बसव्-लं. त्यांनी विचारलं, कुठे लिहिलंय हे? मला दाखवता येईना. पाय कुठेच मोडलेला नाही, आणि आपण सगळे बिनचूक मोडून वाचतो.

दुसरी गोष्ट ‘चमचा’. मी म्हणते त्यातला च दातांपाशी येतो, आणि ‘चमचे’ म्हटलं की शेवटचा च टाळूकडे जातो. ‘माझा’ आणि ‘माझी’ मधला झ तसाच. अक्षर एकच. ‘जरा थांब’ मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा, कागदावर जुळे, तोंडात वेगळे. त्यांना वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही कोणता ज घ्यायचा.

सह्यकडा

हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आत्ता पाच मिनिटं ‘चमचा, चमचे’ म्हणत बसलोय. जीभ खरंच हलते.

जुळारी

दूरदेशी, फार छान टिपलंत. अ कुठे गळतो आणि च कुठे दाताकडे जातो, यातल्या बऱ्याच भागाला नियम लागतो : इ, ए आणि य च्या आधी च टाळूकडेच जातो. पण ‘चार’ टाळूचा आणि ‘चारा’ दातांचा, इथे नियम थांबतो. जुन्या कागदांत हा आकडा ‘च्यार’ लिहिलेला सापडतो. तो य आता लिहीत नाही, पण जिभेने त्याची आठवण ठेवलीय.

आता सह्यकडांच्या पहिल्या मुद्द्याचा खरा अर्धा भाग. उसने शब्द स्पेलिंगसकट आले, हे इंग्रजीत खरोखर घडलं. पण आपणही काही कमी उसनं घेतलेलं नाही. पगार, चावी, बटाटा पोर्तुगीजांकडचे, कायदा फारसीच्या वाटेने आलेला अरबी. त्यांनी आपल्या शुद्धलेखनाला काहीच त्रास का दिला नाही? कारण ते दुसऱ्या लिपीतून आले. अक्षरं उचलता येत नव्हती, म्हणून कानाने ऐकून नव्याने लिहावे लागले. इंग्रजीची आणि फ्रेंच, लॅटिनची लिपी एकच, म्हणून तिथे शब्द कागदावरून कागदावर आला. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ बघा : डी-ई-बी-टी. फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे विद्वानांना लॅटिन ‘देबितुम’ आठवला आणि त्यांनी मूळ दाखवायला बी घातला. इंग्रजीत तो कुणीही कधी उच्चारला नाही.

आपल्याबाबतीत हे कुठे होतं? जिथे लिपी एकच आहे तिथे. संस्कृत. ‘विष’मधला ष आपण श च म्हणतो, ‘ऋषी’मधला ऋ आपण रु म्हणतो, ‘ज्ञान’ तर द्न्यान म्हणतो आणि लिहितो ज आणि ञ चं जोडाक्षर. हे आपले मूक बी आहेत. मराठीचं अवघड शुद्धलेखन जवळजवळ सगळं याच दारातून आत आलंय.

पाटीपेन्सिल

हे वाचून मुलीची मराठीची वही काढली. श्रुतलेखनात दोन चुका आहेत. ‘फूलाला’ लिहिलंय, त्यावर खूण, हवं होतं ‘फुलाला’. आणि ‘गूण’ लिहिलंय, तिथेही खूण, हवं होतं ‘गुण’. मी तिला इतकंच सांगितलं होतं की दोन्हीकडे दुसरा उकार नको, पहिला हवा. आता वाटतंय, मराठीतही मी ‘असंच असतं’ म्हणाले.

जुळारी

त्या दोन चुका एकाच जातीच्या नाहीत. शेजारी शेजारी ठेवून मुलीला दाखवा, तिच्या लक्षात येईल.

‘फूल’ मोठ्याने म्हणायला लावा. ऊ लांब येतो. मग ‘फुलाला’ म्हणायला लावा. उ आपोआप आखडतो, लांब म्हणायचा तर मुद्दाम जोर करावा लागतो. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, तसंच. इथे लेखन कानाच्या मागे चाललंय. तिने ऐकलं नाही, ‘फूल’ हा लिहिलेला शब्द आठवून त्याला ‘ला’ जोडला. तिचा कान बरोबर होता, डोळ्याने फसवलं.

आता ‘गुण’ म्हणायला लावा. मराठी तोंड त्याला गूणच म्हणतं, फूल जसं म्हणतं तसंच. तिने तेच लिहिलं. पण शब्द संस्कृत, जसाच्या तसा आलेला, म्हणून तिथला ह्रस्व उ तसाच ठेवायचा. विष, दिन, मंदिर, सगळे याच पंगतीतले. उलट ‘शरीर’ला ‘ला’ लावला तरी री दीर्घच लिहायची. इथे मुलीने ऐकलं आणि म्हणून चुकली. शब्द कुठून आला हे माहीत असल्याशिवाय ती बरोबर येऊ शकत नव्हती. ‘डेट’मधल्या बी ची आणि या ह्रस्व उ ची जात एक.

बखरवाचक

इथे मोडीचं सांगायलाच हवं. कित्येक शतकं आपला सगळा कारभार, हिशेब, पत्रं, करारमदार मोडीत झाले, आणि मोडीत ह्रस्व-दीर्घ वेगळं लिहीतच नसत. एकच वेलांटी, एकच उकार. जुने दस्तऐवज वाचताना त्यावाचून माझं कधी अडलं नाही. हा भेद सामान्य माणसाच्या माथी आला तो एकोणिसाव्या शतकात छपाईसाठी बाळबोध ठरली तेव्हा. लिहिणारे शास्त्री संस्कृतात वाढलेले, त्यांच्या डोळ्याला ह्रस्व-दीर्घाची चूक खुपत असे. १९६२ साली टिंब काढलं तसं हेही काढून टाकायला हवं होतं. एक इ, एक उ, संपला विषय.

जुळारी

बखरवाचक, मोडीचं अगदी खरं. महामंडळाने थोडं त्या दिशेने पाऊलही टाकलं होतं : कवि, गुरु यांचा शेवट दीर्घ केला, कारण मराठी तोंड शब्दाच्या शेवटी इ-उ लांबच म्हणतं. पण ‘कविमन’, ‘गुरुदक्षिणा’ मध्ये ह्रस्व ठेवला. पाऊल अर्धं पडलं.

तरी सगळाच भेद काढायला माझं मन धजत नाही. ‘फूल’ आणि ‘फुलाला’ यांतला फरक खरा आहे, कानाला येतो. तो पुसला तर लेखन बोलण्यापासून लांब जाईल. काढायचा तर फक्त ‘गुण’सारख्या ठिकाणचा ह्रस्व काढावा लागेल.

दूरदेशी

पण मग दिन आणि दीन एकच होतील. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, यांचं काय?

बखरवाचक

म्हणताना आत्ताही एकच आहेत, आणि बोलण्यात कुणाचं अडतं का? नांव आणि नाव एक झालेच ना. “नाव सांग” म्हटल्यावर कुणी होडी आणत नाही.

दूरदेशी

बोलताना समोर माणूस असतो, विचारता येतं. कागदाला विचारता येत नाही. मला तर एक टिंब परत मिळालं तरी हवंय.

सह्यकडा

आणि वृत्तातली कविता? तिथे ह्रस्व-दीर्घावरच सगळं उभं आहे. मी बखरवाचकांशी सहमत नाही. पण माझं आधीचं ‘चुकायला जागाच नाही’ हे वाक्य मागे घेतो.

पाटीपेन्सिल

काल रात्री मुलीला ‘क्निख्त’ म्हणून दाखवलं. तिला इतकं आवडलं की आता ती स्पेलिंग पाठ करताना आधी सगळी अक्षरं म्हणते आणि मग ‘आत्ताचं’ म्हणते. ‘नेम’ला ‘नामअ’. के विसरत नाही, कारण तो तिच्या लेखी मूक राहिलेला नाही.

फूल-फुलालाही करून पाहिलं. ती लगेच म्हणाली, “हे तर ऐकू येतं.” ‘गुण’ला मात्र तिने विचारलं, “मला कसं कळणार तो संस्कृत आहे?” यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा.

आणखी एक. आजीची शाळेतली वही आमच्याकडे जपून ठेवलीय. आज काढली. पहिल्याच पानावर ‘नांव’ आणि ‘गांव’, दोन्हींवर ठसठशीत टिंब. मुलीला वाटलं शाई सांडलीय.

जुळारी

त्या वहीत ‘काहीं’, ‘नाहीं’, ‘केलें’, ‘घरें’ अशीही टिंबं आहेत का बघाल? आणि ‘कवि’ किंवा ‘गुरु’ कुठे असेल तर कसा लिहिलाय? जमलं तर तेवढ्या ओळी इथे उतरवा.

मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडेही पूर्ण उत्तर नाही. मी स्वतः चाळीस वर्षं कोश उघडून बघत आलोय.

पाटीपेन्सिल

‘केलें’ आहे, टिंबासकट. ‘कवि’ सापडला नाही अजून, वही मोठी आहे. उद्या दोघी मिळून शोधतो.